लोपेरामाइड मेंदूपर्यंत पोचतं, पण तिथे टिकत नाही

प्रश्न: "जुलाबासाठी लोपेरामाइड घेतलं आणि नंतर वाचलं की ते मॉर्फिनच्याच रिसेप्टरवर काम करतं. मग मला गुंगी कशी आली नाही? आतड्यातला रिसेप्टर वेगळा असतो का? आणि जास्त गोळ्या घेतल्या तर मेंदूवर परिणाम होईल का?"

रिसेप्टर वेगळा नाही, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. मॉर्फिन ज्यावर बसतं त्याला म्यू रिसेप्टर म्हणतात, आणि आतड्यातला म्यू रिसेप्टर आणि मेंदूतला म्यू रिसेप्टर एकाच जनुकावरून तयार होतात. लोपेरामाइड त्या दोघांत फरक करत नाही, आणि ते मॉर्फिनपेक्षा काही लेचंपेचं औषधही नाही. त्यामुळे शोधायचं ते एवढंच, की गिळलेल्या गोळीतलं औषध शरीरात कुठे किती प्रमाणात साठतं. मी क्लिनिकल फार्माकॉलॉजीत काम करते. दोन औषधं एकत्र दिली तर काय होईल, दुष्परिणाम कोणत्या औषधाचा, अशा विचारणा वॉर्डांतून माझ्याकडे रोज येतात, आणि लोपेरामाइडबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक शंकेचं उत्तर या 'कुठे किती' पाशीच येऊन थांबतं.

आधी आतड्याचं पाहू. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, बाहेरचा उभा आणि आतला आडवा, कड्यासारखा. या दोन थरांच्या मध्ये चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं असतं, त्याला मायएंटेरिक प्लेक्सस म्हणतात. अन्नाचा घास पुढे सरकतो तो या जाळ्याच्या हुकमाने. घासाच्या मागच्या बाजूला चेतातंतू ॲसिटिलकोलीन आणि सबस्टन्स पी सोडतात, तिथला स्नायू आवळतो. त्याच वेळी पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि तिथला स्नायू सैल पडतो. मागून दाब आणि पुढे वाट, अशा जोडीने घास सरकत जातो.

या चेतापेशींवर म्यू रिसेप्टर असतात. लोपेरामाइड तिथे बसलं की पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा आक्रसतात आणि पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा उघडतात. कॅल्शियम आत आल्याशिवाय चेतातंतूच्या टोकाला रसायन सुटत नाही, म्हणून ॲसिटिलकोलीन कमी सुटतं आणि मागचा दाब कमी होतो. पुढे स्नायू सैल करणारे तंतूही त्याच कारणाने गप्प होतात, म्हणून वाटही नीट मोकळी होत नाही. पुष्कळांना वाटतं की या औषधाने आतडं लुळं पडतं. नेहमीच्या मात्रेत तसं होत नाही. आडवा स्नायू उलट किंचित ताठ राहतो आणि आतडं जागच्या जागी मळत राहतं, फक्त ढकलणं मंदावतं. त्यामुळे आतल्या पातळ द्रवाला भिंतीशी जास्त वेळ मिळतो. दिवसभरात खाणंपिणं आणि पाचक रस मिळून आतड्यात साधारण ८ ते ९ लीटर द्रव येतो आणि निरोगी माणसात शौचावाटे त्यातला १०० ते २०० मिलिलीटर बाहेर पडतो, बाकी सगळा शोषला जातो. एवढ्या मोठ्या व्यवहारात वेळ थोडा जरी वाढला तरी शौचाचा पातळपणा बराच बदलतो. याशिवाय श्लेष्मल थराखालच्या दुसऱ्या चेताजाळ्यावरही औषध काम करतं, तिथून होणारा पाण्याचा आणि क्षारांचा स्राव घटतो. गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो.

हे सगळं मेंदूच्या मदतीशिवाय होतं, याची खात्री करून देणारा एक जुना प्रयोग आहे. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. गिनीपिगच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा काही सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, ३७ अंशांच्या क्षारद्रवात दोऱ्याने टांगायचा, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे आणि ठरावीक अंतराने विजेचा हलका झटका द्यायचा. प्रत्येक झटक्याला तुकडा टचकन आखडतो आणि कागदावर एक रेघ उमटते. त्या द्रवात मॉर्फिन किंवा लोपेरामाइड घातलं की रेघा बुटक्या होत जातात. मग नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडांना, मॉर्फिनच्या जातीच्या औषधांना, रिसेप्टरवरून हुसकावणारं औषध, घातलं की रेघा पुन्हा उंच होतात. आणि मॉर्फिन द्रवात असतानाच बाहेरून ॲसिटिलकोलीन घातलं तर तुकडा व्यवस्थित आखडतो. म्हणजे स्नायू ठणठणीत आहे, अडलेलं आहे ते चेतातंतूकडून येणारं रसायन. टांगलेल्या तुकड्याला ना मेंदू ना मज्जारज्जू, तरी ओपिऑइडचा परिणाम पूर्ण दिसतो. लोपेरामाइडची मात्रा फार वाढवली तर ते स्नायूच्या कॅल्शियम वाटाही थेट अडवू लागतं, आणि तेवढा भाग मग नॅलोक्सोनने परत येत नाही. ही बाब लक्षात ठेवा, शेवटी हृदयाबद्दल बोलताना असाच फरक पुन्हा येईल.

आता तुमच्या गोळीचा हिशेब करू. मोठ्या माणसाने सुरुवातीला ४ मिलिग्रॅम घेतले असं धरा. ते आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि भिंतीत शिरतात. म्हणजे ज्या चेताजाळ्यावर काम करायचं, त्याच्या अगदी शेजारी औषध भरपूर असतं. तिथून पुढे जे रक्तात जातं ते आधी यकृतात जातं, आणि यकृतातली सीवायपी३ए४ आणि सीवायपी२सी८ ही एन्झाइमं त्याची मोडतोड करतात. पहिल्याच फेरीत इतकं औषध संपतं की गिळलेल्यापैकी सुमारे ०.३ टक्का मूळ रूपात सबंध शरीराच्या रक्ताभिसरणात पोचतं. ४ मिलिग्रॅमचे ०.३ टक्के म्हणजे १२ मायक्रोग्रॅम. तुलनेसाठी, तोंडावाटे १० मिलिग्रॅम मॉर्फिन घेतलं तर त्यातलं ढोबळमानाने पाव, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, रक्ताभिसरणात येतं. २,५०० मायक्रोग्रॅम आणि १२ मायक्रोग्रॅम! शिवाय लोपेरामाइडचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो, मोकळा राहतो तो किरकोळ.

पुष्कळ स्पष्टीकरणं इथेच थांबतात, नाहीतर पुढे एक वाक्य जोडतात: 'लोपेरामाइड मेंदूभोवतीचा अडसर ओलांडू शकत नाही.' हे वाक्य मला खटकतं, कारण औषधाचा रेणू पाहिला तर नेमकं उलट वाटायला हवं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यांच्या मधून काही झिरपत नाही, जायचं तर पेशीच्या स्निग्ध पडद्यातूनच जावं लागतं. जो रेणू चरबीत जास्त विरघळतो तो सहज जातो. लोपेरामाइड चरबीत मॉर्फिनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं. नुसत्या त्या नियमाने पाहिलं तर ते मेंदूत झपाट्याने शिरायला हवं, आणि ते शिरतंही. पण त्या पेशींच्या रक्ताकडच्या पडद्यावर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप बसलेला असतो. पडद्यात आलेला रेणू तो पकडतो आणि ऊर्जा खर्च करून परत रक्तात टाकतो. गळक्या होडीतलं पाणी कुणी सतत उपसत असावं तसं हे आहे. भोक बुजलेलं नसतं, पाणी आत येतच असतं, पण उपसण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा जास्त असेपर्यंत तळ कोरडा दिसतो. मॉर्फिनच्या बाबतीत हा पंप फारसा जोर लावत नाही, म्हणून सावकाश शिरणारं मॉर्फिनही मेंदूत पुरेसं साठतं.

हे कळायला बराच काळ जावा लागला. लोपेरामाइड १९६९ मध्ये बेल्जियममधल्या बेर्से इथे, पॉल जान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याच प्रयोगशाळेतलं आधीचं औषध डायफेनॉक्सिलेट जुलाब थांबवायचं, पण जास्त मात्रेत नशा द्यायचं, म्हणून त्याच्या गोळीत थोडं ॲट्रोपिन मिसळतात, म्हणजे कुणी मूठभर गोळ्या घेतल्या तर तोंड कोरडं पडून आणि छाती धडधडून नको होतं. लोपेरामाइडमध्ये आतड्यावरचा परिणाम आणि मेंदूवरचा परिणाम यांत खूपच मोठं अंतर दिसलं. ते का, हे मात्र तेव्हा माहीत नव्हतं. पी-ग्लायकोप्रोटीन १९७६ मध्ये सापडलं तेही वेगळ्याच संदर्भात, औषधांना दाद न देणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना. ते मेंदूच्या केशवाहिन्यांत आहे हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दिसलं.

खरा उलगडा ॲमस्टरडॅममध्ये झाला. तिथल्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी पंपाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते उंदीर दिसायला, वागायला अगदी नेहमीसारखे होते. मग एकदा गोचिडांसारख्या बारीक किडींसाठी त्यांच्यावर आयव्हरमेक्टिन फवारलं गेलं आणि जनुक नसलेले उंदीर मेले. नेहमीच्या उंदरांना ज्याने काही होत नाही ते औषध यांच्या मेंदूत साठलं होतं. पुढे १९९६ मध्ये त्यांनी अशाच उंदरांना लोपेरामाइड दिलं, तेव्हा त्यांच्यात मॉर्फिनसारखी लक्षणं दिसली. औषध तेच, रिसेप्टर तेच, फक्त पंप नाही. लोपेरामाइड मेंदूत 'जाऊच शकत नाही' हे म्हणणं त्या निकालानंतर टिकत नाही.

निसर्गातही असा प्रयोग होऊन बसला आहे. कोली जातीच्या आणि तिच्याशी नातं असलेल्या काही मेंढपाळ कुत्र्यांमध्ये या पंपाच्या जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात आणि पंप तयारच होत नाही. अशा कुत्र्याला इतर कुत्र्यांना चालणारी लोपेरामाइडची मात्रा दिली तरी ते झोकांड्या खातं, सुस्त पडतं. पशुवैद्य म्हणूनच या जातींत आधी जनुकाची तपासणी करायला सांगतात. आणि हो, घरातल्या औषधाच्या डब्यातली गोळी कुत्र्याला परस्पर देऊ नका, हे यासाठीच.

माणसांत काय होतं, हे नीट दाखवणारा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तो मी विद्यार्थ्यांना सावकाश समजावून सांगते, कारण त्यात एकेक शक्यता कशी बाजूला काढायची हे दिसतं. निरोगी स्वयंसेवकांना १६ मिलिग्रॅम लोपेरामाइड दिलं, एकदा नुसतं आणि एकदा ६०० मिलिग्रॅम क्विनिडिनबरोबर. क्विनिडिन हे हृदयाच्या ठोक्यांसाठीचं औषध आहे आणि ते या पंपाला अडवतं. गुंगी किती आली हे विचारून मोजणं कच्चं असतं, म्हणून त्यांनी श्वास मोजला. माणसाला हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवून दिला की श्वास आपोआप वाढतो, आणि ओपिऑइड मेंदूत पोचलं असेल तर हा प्रतिसाद मंदावतो. नुसत्या लोपेरामाइडने तो मंदावला नाही. क्विनिडिनबरोबर मंदावला.

आता एक रास्त शंका निघते. क्विनिडिनने कदाचित रक्तातलंच लोपेरामाइड वाढवलं असेल, मेंदूच्या पंपाचा काही संबंध नसेल. पण श्वासावरचा परिणाम रक्तातल्या वाढीने समजावता येत नव्हता. म्हणजे रक्तातून मेंदूत जाणारा वाटा बदलला होता.

याची उलट बाजूही तपासलेली आहे. ४ मिलिग्रॅम लोपेरामाइडबरोबर बुरशीवरचं इट्राकोनॅझोल आणि चरबी कमी करणारं जेमफायब्रोझिल, ही दोन्ही दिली तेव्हा यकृतातली मोडतोड अडली आणि रक्तातलं एकूण लोपेरामाइड सुमारे १३ पट झालं. तरी झोपाळूपणाच्या आणि चिन्हं जुळवण्याच्या चाचणीत फरक दिसला नाही. हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. यकृताचा अडथळा मोडला तरी, मात्रा कमी असेल तर, मेंदूचा पंप पुरा पडू शकतो. मात्रा जास्त असेल आणि पंपच अडला असेल तर मेंदूवर परिणाम होतो. दोन्ही संरक्षणं एकाच वेळी काम करत असतात, म्हणून नेहमीच्या मात्रेत आपल्याला काही जाणवत नाही. यावरून ही औषधं लोपेरामाइडबरोबर बिनधास्त घ्यावीत असं मात्र समजू नका. ते निरोगी लोकांना दिलेले एकेक डोस होते. इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, रिटोनाविर, व्हेरापामिल, क्विनिडिन यांपैकी काही चालू असेल तर लोपेरामाइड घेण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. यकृताचा आजार असेल तरीही विचाराच, कारण मग पहिल्या फेरीतली मोडतोड कमी होते आणि वर केलेला १२ मायक्रोग्रॅमचा हिशेब तुम्हाला लागू राहत नाही.

नेहमीची मात्रा म्हणजे किती, हेही सांगते. मोठ्या माणसात पहिल्यांदा ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम. स्वतःहून घेताना दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमाल १६. पाकिटावरचा आकडा देशागणिक थोडा वेगळा असू शकतो, तो पाळावा. दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत, कारण त्यांच्यात गुंगी, श्वास मंदावणं आणि आतडं पूर्ण ठप्प होणं या गोष्टी घडलेल्या आहेत. ताप आणि शौचात रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. त्याचा मेंदूशी संबंध नाही. जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडायला हवं असताना आतडं थोपवून धरणं घातक ठरू शकतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, जास्त गोळ्या. पंपाची क्षमता मर्यादित असते, यकृतातल्या एन्झाइमांचीही असते. मात्रा खूप वाढवली की दोन्ही कमी पडतात आणि लोपेरामाइड मेंदूत ओपिऑइडसारखंच वागू लागतं. सुस्ती येते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो. पण माझ्या दृष्टीने त्याहून भयंकर गोष्ट हृदयात होते. जास्त प्रमाणात लोपेरामाइड हृदयाच्या पेशींतल्या पोटॅशियम आणि सोडियमच्या वाटा अडवतं. ईसीजीवर क्यूटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरून शमेपर्यंतचा काळ, लांबतो, क्यूआरएस, म्हणजे ती नुसती पसरण्याचा काळ, रुंदावतो, आणि ठोके अचानक वेडेवाकडे होऊन माणूस कोसळतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला आणि पुढे एका पाकिटात किती गोळ्या असाव्यात यावर मर्यादा घालायला लावली.

अशा रुग्णात नॅलोक्सोन दिलं की काय सुधारतं आणि काय नाही, यावरून औषध कुठे काम करत होतं ते कळतं. श्वास सुधारतो आणि बाहुल्या मोठ्या होतात, कारण ते म्यू रिसेप्टरमुळे होतं. ईसीजी मात्र आहे तसाच राहतो, कारण हृदयातल्या त्या वाटांचा म्यू रिसेप्टरशी संबंध नाही. म्हणून माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला घरी पाठवत नाहीत. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात उतरू लागतो. लोपेरामाइड मात्र निम्मं व्हायलाच ११ तासांच्या आसपास घेतं, आणि मोठ्या मात्रेनंतर त्याहूनही जास्त. तेव्हा श्वास पुन्हा मंदावू शकतो, आणि हृदयाचा धोका तर मध्ये कधी गेलेलाच नसतो. कुणी ठरलेल्यापेक्षा बऱ्याच जास्त गोळ्या घेतल्याचं कळलं, किंवा गोळ्या घेतलेल्या माणसाला चक्कर आली, तो बेशुद्ध पडला, तर गुंगी नाही म्हणून थांबू नका. सरळ रुग्णालयात न्या आणि आल्या आल्या ईसीजी काढायला सांगा. घेतलेलं औषध लोपेरामाइड आहे हे तिथे स्पष्ट सांगा, कारण ओपिऑइडसाठीच्या नेहमीच्या लघवी-चाचणीत ते दिसत नाही.